डिपॉझिट घरमालकाकडे असतं, घरमालकाचं नसतं

"तुम्हाला पोटच्या पोरांसारखं ठेवलं, आणि तुम्ही आम्हाला नोटीस पाठवता?" जुळे सोलापुरातल्या एका घरमालकांनी आपल्या जुन्या भाडेकरूच्या पत्राला दिलेल्या उत्तराची ही पहिली ओळ. पत्र लिहायला मी मदत केली होती, म्हणून उत्तर माझ्याकडेही आलं. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो, बायको एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. घर सोडून दोन महिने उलटले तरी पन्नास हजारांचं डिपॉझिट परत आलं नाही, तेव्हा त्यांनी एक पानी पत्र स्पीड पोस्टाने धाडलं. त्यात शिवीगाळ नव्हती, धमकी नव्हती. घर कधी घेतलं, कधी सोडलं, किती पैसे दिले, किती येणं आहे आणि पंधरा दिवसांत ते व्याजासह परत करावं, एवढंच होतं. दोन्ही घरांची नावं मी इथे देत नाही. घरमालकांचं उत्तर मात्र मुद्देसूद खोडायला हवं, कारण विजापूर रोडपासून शेळगीपर्यंत घर सोडणाऱ्या कुटुंबाला हेच उत्तर थोड्याफार फरकाने ऐकायला मिळतं.

सुरुवात त्या पहिल्या ओळीपासूनच करतो. घरमालक प्रेमाने वागले असतील. भाडेकरू बाई त्यांना काका म्हणत होत्या, संक्रांतीला तिळगूळ वर-खाली जात होता, हे सगळं खरं आहे. पण या प्रेमाची किंमत पन्नास हजार रुपये, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. आपले पैसे लेखी मागणं म्हणजे नातं तोडणं, हे मला मुळीच मान्य नाही. तोंडी मागून दोन महिने गेले. दर वेळी "बघू", "पुढच्या आठवड्यात", "पोराला विचारतो" अशीच उत्तरं मिळाली. लेखी मागितल्यावर पहिल्यांदा हिशेब आला. हिशेब काढायला पत्रच लागलं, याचा दोष पत्र लिहिणाऱ्याचा कसा?

तो हिशेब असा आहे. रंगकामाचे २८,०००, नळ आणि बाथरूमच्या टाइल्सचे ६,०००, साफसफाईचे ३,०००, नोटीस नीट दिली नाही म्हणून एका महिन्याचं भाडं ९,०००, आणि शेवटचं वीजबिल १,१४०. एकूण ४७,१४०. उरले २,८६०, "ते दिवाळीनंतर बघू".

या आकड्यांमागे एक समजूत आहे, ती आधी तपासली पाहिजे. डिपॉझिट एकदा हातात आलं की ते आपलंच, आणि त्यातून काय परत द्यायचं ते आपण ठरवायचं, अशी ती समजूत. पत्राच्या उत्तरात हे स्पष्ट शब्दांत आलं आहे: "डिपॉझिट घेणं हा घरमालकाचा हक्क आहे, पूर्वीपासूनची पद्धत आहे." ही पद्धत पूर्वीपासूनची आहे, पण हक्क पूर्वीपासूनचा नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखाली भाड्याने घर देताना प्रमाण भाड्यावर पागडी किंवा डिपॉझिट घेणं हा गुन्हा होता. लोक घेत होते, पण चोरून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या ५६ व्या कलमाने भाडेपट्टा देताना अशी रक्कम घेणं कायदेशीर ठरवलं. म्हणजे कायद्याने परवानगी दिली ती घ्यायला. हिशेब न देता ठेवून घ्यायची परवानगी त्यात कुठेही नाही. ही रक्कम कशासाठी आहे ते करारातच लिहिलेलं असतं: थकलेलं भाडं, न भरलेली बिलं आणि घराचं खरंखुरं नुकसान, यांची हमी म्हणून. यातलं काही झालं असेल तर ते घरमालकाने दाखवायचं. भाडेकरूने आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करत बसायचं नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, आणि पुढचा प्रत्येक मुद्दा मी याच मापाने मोजणार आहे.

आता रंग. कपातीतला सगळ्यात मोठा आकडा हाच असतो, आणि सगळ्यात कमी तपासला जाणाराही हाच. घर सोडलं की रंगाचे पैसे कापायचे, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की अनेक भाडेकरूही ते रीत समजून सोडून देतात. सोडून देऊ नये.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या १०८ व्या कलमात भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतलं त्या स्थितीत परत करावं असं म्हटलं आहे, पण त्याच वाक्यात एक अपवाद आहे: वाजवी वापराने होणारी झीज. आपल्याकडचे बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात, आणि त्यांना हे कलम थेट लागत नाही हे खरं. पण त्या करारांच्या छापील मसुद्यातही हीच सवलत असते. नेहमीच्या वापराची झीज सोडून जे नुकसान होईल ते भाडेकरूने भरून द्यावं, असं तिथे लिहिलेलं असतं. या कुटुंबाच्या करारातही आहे. घरमालकांनी स्वतः सही केलेलं कलम त्यांनी एकदा वाचायला हवं होतं.

रंग झिजतो. सोलापुरात जरा लवकरच झिजतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पश्चिमेच्या भिंती संध्याकाळपर्यंत तापलेल्या असतात, मार्च ते मे खिडक्या उघड्या म्हणून धूळ आत, नाहीतर कूलर लावलेला म्हणून ओल आत. घरात माणसं राहिली की स्विचच्या भोवती बोटांचे डाग पडतात, पलंगाच्या उशाशी भिंत काळवंडते, स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेने पिवळेपणा येतो. हे नुकसान नव्हे. याच वापरासाठी महिन्याला नऊ हजार भाडं घेतलेलं असतं. तेच काम पुन्हा डिपॉझिटमधून वसूल करायचं म्हणजे एका गोष्टीचे दोनदा पैसे घ्यायचे.

मग नुकसान कोणतं? ते ओळखायला अवघड नाही. भिंतीला खिळे ठोकून प्लास्टर उडालं असेल, दाराच्या चौकटीत परस्पर भोक पाडलं असेल, मुलाने मेणाच्या खडूने अख्खी भिंत रंगवली असेल, तर ते झिजेत बसत नाही. या घरात असं एक ठिकाण आहे आणि भाडेकरूंनी पत्रात ते स्वतःहून कबूल केलं आहे. आतल्या खोलीच्या एका भिंतीवर त्यांच्या लेकाने खडूने चित्रं काढली होती. ती पुसूनही पूर्ण गेली नाहीत. तिथला खर्च द्यायला ते तयार आहेत. प्रश्न एवढाच आहे की तो किती.

घरमालकांनी उत्तरासोबत रंगाऱ्याचा कागद जोडला आहे. सगळं घर मिळून १,७५० चौरस फूट भिंत आणि छत, दर १६ रुपये, एकूण २८,०००. हे बिल नाही, अंदाजपत्रक आहे. काम झाल्याची पावती नाही, रंगाच्या डब्यांचं बिल नाही. आणि १२ मे रोजी नवं कुटुंब त्याच घरात राहायला आलं तेव्हा भिंती त्याच होत्या, कारण खडूची चित्रं अजून तिथे आहेत, हे नव्या भाडेकरूनेच सांगितलं. पण हे सगळं बाजूला ठेवू आणि घरमालकांचाच दर खरा धरू. ती एक भिंत अकरा फूट रुंद आणि दहा फूट उंच, म्हणजे ११० चौरस फूट. सोळाच्या दराने १,७६० रुपये. घराला शेवटचा रंग २०२२ च्या मध्यात दिला होता आणि हे कुटुंब जुलै २०२३ मध्ये राहायला आलं, एप्रिल २०२५ अखेर गेलं. म्हणजे घर सोडताना रंग जवळपास तीन वर्षांचा झालेला होता. घरातला साधा रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं, तर त्या भिंतीच्या रंगाचं उरलेलं आयुष्य पाचातलं दोन वर्षांचं. १,७६० चे दोन पंचमांश म्हणजे ७०४ रुपये. भाडेकरूचं देणं हे आहे. २८,००० आणि ७०४ यांच्यातलं अंतर केवढं आहे ते पाहा, आणि या अंतरासाठी भिंतीवरची एक चिमुकली रेघ कारण म्हणून वापरली जाते ते पाहा.

जुन्या वस्तूचं वय वजा करायचं, ही पद्धत मी काढलेली नाही. इंग्लंडमध्ये २००७ पासून घरभाड्याचं डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेच्या संरक्षणाखाली ठेवावं लागतं, आणि वाद झाला तर तिथले निवाडेदार रंगाचं, गालिच्याचं वय मोजूनच कपात ठरवतात. भाडेकरूच्या पैशाने जुन्याचं नवं करून घ्यायचं नाही, हा त्यामागचा विचार. आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्याच्या परिशिष्टात कोणती दुरुस्ती कोणाची याची यादी आहे, आणि भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग घरमालकाच्या यादीत आहे. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं आणि घराचा ताबा परत घेताना ते परत करावं, असंही त्यात आहे. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे हा मसुदा सोलापूरच्या कोर्टात कायदा म्हणून दाखवता येणार नाही. पण रंग भाडेकरूने द्यायचा ही जगाची रीत आहे असं कुणी म्हणत असेल, तर ती रीत आपल्याच देशाच्या मसुद्यात नाही, एवढं दाखवायला तो पुरेसा आहे.

नळ आणि टाइल्सचा मुद्दा तर सोलापूरकराने तरी काढू नये. नळाच्या तोटीवर पांढरा थर, शॉवरची छिद्रं बुजलेली, टाइल्सवर पांढरट डाग, गीझरच्या कॉइलवर कवच, हे सगळं बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचं काम आहे. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून मधल्या दिवसांत बोअरचंच पाणी वापरावं लागतं, आणि ते बोअर घरमालकाचं आहे. भाडेकरूने ॲसिड टाकून टाइल्सची चकाकी घालवली असती, बेसिन फोडलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. इथे कोणती टाइल फुटली, कोणता नळ मोडला, हे उत्तरात एका शब्दाने लिहिलेलं नाही. नुसतं "नळ व टाइल्स, ६,०००". साफसफाईचे तीन हजारही तसेच, बिलाशिवाय. घर झाडून-पुसून दिल्याचा व्हिडिओ चावी देतानाचा आहे, तो पत्रासोबत पेनड्राइव्हवर दिला होता.

नोटिशीबद्दल घरमालक म्हणतात की कराराप्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस हवी होती, व्हॉट्सॲपवरचा मेसेज लेखी नव्हे. मेसेज २८ मार्चचा आहे: "काका, आम्ही एप्रिलअखेर घर सोडतोय." त्याखाली घरमालकांचं उत्तर आहे: "बरं, चावी खालच्या दुकानात ठेवा." एक महिना पूर्ण मिळाला, सूचना मिळाल्याचं त्यांनी स्वतः कळवलं, चावी कुठे ठेवायची ते सांगितलं. आता तो मेसेज लेखी नव्हता असं म्हणणं हे निव्वळ पैसे अडकवण्यासाठी शोधलेलं कारण आहे.

समजा, नोटीस खरंच कमी पडली असती. तरी महिन्याचं भाडं आपोआप जप्त होत नाही. भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात हे सांगितलं, आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात आणखी ठामपणे सांगितलं: नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. ही प्रकरणं घरभाड्याची नव्हती, पण तत्त्व प्रत्येक कराराला लागू आहे. इथे १२ मे रोजी नवा भाडेकरू आला. घर अकरा दिवस रिकामं राहिलं. त्यासाठी तीस दिवसांचं भाडं कापणं म्हणजे एकोणीस दिवस एकाच घराचं भाडं दोन कुटुंबांकडून घेणं.

उत्तरातला सगळ्यात ठसक्याचा मुद्दा शेवटी आहे: "करार नोंदवलेला नाही, नोटरी केलेला आहे. कोर्टात जाऊन काही होणार नाही." हे वाक्य सोलापुरातल्या शेकडो घरांत बोललं जातं आणि बहुतेक भाडेकरू त्यापुढे गप्प बसतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज त्यामागे आहे. तो आला कुठून, हे समजतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट धरली. महाराष्ट्रात ती पळवाट १९९९ च्या कायद्याने बुजवली आहे. ५५ वं कलम म्हणतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदतीची सूट नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी त्या कलमाने घरमालकावर टाकली आहे, आणि ती न पाळणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणखी एक गोष्ट तिथे आहे, जी प्रत्येक भाडेकरूने लक्षात ठेवावी. नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जाईल, घरमालक त्याच्या उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे घरमालक ज्या उणिवेच्या जोरावर भाडेकरूला हिणवताहेत, ती उणीव त्यांची आहे आणि तिचा फायदा कायद्याने भाडेकरूला दिला आहे. नोंदणीला खर्च तरी किती आला असता? मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. ९,००० च्या दराने अकरा महिन्यांचं भाडं ९९,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं अकरा महिन्यांचं व्याज सुमारे ४,५८३. दोन्ही मिळून १,०३,५८३, त्याचा पाव टक्का सुमारे २५९ रुपये, आणि शहरात नोंदणी शुल्क १,०००. एजंटचे पैसे सोडले तर साडेबाराशेच्या आसपासचा हा खर्च टाळला, आणि आता तोच टाळलेला खर्च ढाल म्हणून पुढे केला जातो आहे.

नोटरीचा कागद कोर्टात काहीच कामाचा नाही, असंही नाही, पण त्याची अडचण मी लपवणार नाही. पुरेसं मुद्रांक शुल्क भरलेलं नसेल तर कोर्ट आधी कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरायला सांगू शकतं. म्हणून पैसे दिल्याचा स्वतंत्र पुरावा महत्त्वाचा. या कुटुंबाने पन्नास हजार बँकेतून पाठवले आहेत, पासबुकात घरमालकांचं नाव आणि तारीख आहे. रोख देऊन पावती न घेतलेल्या माणसाची बाजू इथे खरोखर लंगडी पडते.

व्याजाबद्दल घरमालक म्हणतात, "करारात बिनव्याजी डिपॉझिट लिहिलंय, व्याज कसलं मागता?" बिनव्याजी ते घरात राहत असतानाचं. घर परत दिल्यावर अडवून ठेवलेल्या पैशाला ते कलम लागू पडत नाही. राहत असतानाही त्या पैशाचा फायदा घरमालकालाच होतो, हे सरकारने मान्य केलेलं आहे, म्हणून तर मुद्रांक शुल्क मोजताना डिपॉझिटवर दहा टक्के व्याज गृहीत धरून ते भाड्यात मिळवतात. त्यानंतरचं व्याज १९७८ च्या व्याज कायद्याखाली मागता येतं. परत करण्याची तारीख करारात ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर व्याज मागणारी लेखी नोटीस ज्या तारखेचा उल्लेख करते त्या तारखेपासून. पत्रात व्याजाची ओळ का हवी, याचं कारण हेच आहे. तोंडी मागणीने हे घड्याळ सुरू होत नाही. मात्र भाडेकरूंच्या पत्रांत वकिली थाटात अठरा किंवा चोवीस टक्के लिहितात, ते मला पटत नाही आणि टिकतही नाही. करारात दर नसेल तर या कायद्यातली मर्यादा बँकांच्या ठेवींवरच्या सर्वोच्च दराची आहे. म्हणून या पत्रात सात टक्के मागितले आहेत. वाजवी मागणीचं वजन जास्त पडतं.

"नवीन भाडेकरूचं डिपॉझिट आलं की तुमचं देतो" हे घरमालकांचं पहिलं तोंडी उत्तर होतं. नवीन भाडेकरू आला, डिपॉझिट आलं, आणि मग कपातींची यादी आली. या वाक्यातून एवढंच कळतं की जुनं डिपॉझिट खर्च झालेलं आहे. खर्च करायला हरकत नव्हती, पण हमी म्हणून ठेवलेले पैसे खर्च करणाऱ्याने ते परत द्यायची तजवीज ठेवायची असते. एकाचं घेऊन दुसऱ्याचं फेडायचं असेल, तर घर रिकामं राहण्याचा धोका घरमालकाचा असतो, निघून गेलेल्या भाडेकरूचा नसतो.

घरमालकांची एक तक्रार मी खरी मानतो. भाडेकरू शेवटचे दोन-तीन महिने भाडं देत नाहीत, "डिपॉझिटमधून कापून घ्या" म्हणतात, वीजबिल थकवतात, आणि दार तोडून ठेवतात. सोलापुरात गिरणीतून निवृत्त झालेल्या, एका मजल्याच्या भाड्यावर औषधपाणी भागवणाऱ्या घरमालकांचं यात खरंच नुकसान होतं, आणि असं वागणाऱ्या भाडेकरूंमुळेच पुढच्या प्रामाणिक कुटुंबाकडे संशयाने पाहिलं जातं. पण त्यावरचा उपाय घर घेताना आणि सोडताना दोघांनी मिळून घर पाहणं, मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे फोटो काढणं, यादीवर दोघांनी सह्या करणं, हा आहे. या कुटुंबाने बावीस महिने भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत दिलं. इतरांच्या वागण्याची वसुली त्यांच्याकडून करता येणार नाही.

उत्तराच्या शेवटी आव्हान आहे: "कोर्टात जायचं तर जा." हे आव्हान बेफिकीरपणे दिलं जातं, कारण रक्कम अशी असते की तेवढ्यासाठी वकील लावून तारखा करणं कुटुंबाला परवडत नाही. या एका गोष्टीवर अडवणुकीचा सगळा धंदा चालतो, हे मी मान्य करतो. पण कोर्टाच्या आधी एक पायरी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीचा अर्ज करता येतो. प्राधिकरण दुसऱ्या बाजूला बोलावतं, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकं बळ असतं, त्यावर अपील नसतं. तिची मर्यादाही आहे: घरमालक आलेच नाहीत किंवा मानलेच नाहीत तर लोकअदालत त्यांच्यावर निर्णय लादू शकत नाही. मग दिवाणी दावा. लेखी करारावर ठरावीक रक्कम येणं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखालचा संक्षिप्त दावा करता येतो का, हे वकिलाला जरूर विचारावं. त्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी लागते. मुदत तीन वर्षांची आहे, म्हणजे या प्रकरणात एप्रिल २०२८ पर्यंत. तोवर व्हॉट्सॲपचे मेसेज फोनसकट जपायचे, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पोलीस ठाण्यात जाऊन मात्र उपयोग नाही. तिथे ही दिवाणी बाब म्हणून परत पाठवतात, आणि साधारणपणे ते बरोबरच असतं.

घरमालकांच्या उत्तराला कुटुंबाने दुसरं पत्र पाठवलं आहे. त्यातला हिशेब असा. डिपॉझिट ५०,०००. त्यातून वीजबिल १,१४० मान्य. आतल्या खोलीच्या भिंतीचे ७०४ मान्य. बाकी रंग, नळ, टाइल्स, सफाई आणि नोटिशीचं भाडं अमान्य, बिलं दाखवल्यास पुन्हा विचार करू. येणं ४८,१५६ रुपये, आणि पहिल्या पत्राच्या तारखेपासून सात टक्क्यांनी व्याज, म्हणजे महिन्याला सुमारे २८१ रुपये. खाली बँकेचा खाते क्रमांक आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख. त्या तारखेला पैसे आले नाहीत तर विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज तयार आहे, आणि पत्राची एक प्रत त्या अर्जाला जोडलेली आहे.